हप्ता मोठा की मुदत लांब? लग्नसराईवर चालणाऱ्या घराचा हिशेब

प्रश्न : मी साताऱ्यात लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढतो. वय ३८. गेल्या तीन वर्षांत धंद्याचा खर्च वजा जाता हातात अनुक्रमे ५.६ लाख, ३.७ लाख आणि ५.५ लाख रुपये उरले. पत्नी खासगी शाळेत शिकवते, तिला महिना १४ हजार मिळतात. भाडं सोडून घरखर्च २६ हजारांच्या आसपास आहे. फ्लॅटसाठी २० लाखांचं कर्ज बदलत्या दराने, सध्या ९ टक्क्यांनी मंजूर होतंय. १० वर्षांना हप्ता २५,३३५ रुपये आणि २० वर्षांना १७,९९५ रुपये. वडील म्हणतात, कर्ज अंगावर ठेवू नकोस, १० वर्षांत मोकळा हो, नाहीतर व्याजात पावणेतेरा लाख जास्त जातील. बँकेतले साहेब म्हणतात २० वर्षं घ्या. डाऊन पेमेंट भरून आमच्याकडे १ लाख २० हजार उरतील. कोणाचं ऐकू?
— एक फोटोग्राफर, सातारा

उत्तर :

२० वर्षांची मुदत घ्या, आणि कर्ज बारा वर्षांत फेडायचं असं आजच ठरवा. हे दोन्ही एकत्र जमतं.

वडिलांचा आकडा बरोबर आहे. १० वर्षांत एकूण व्याज साधारण १० लाख ४० हजार जातं आणि २० वर्षांत २३ लाख १९ हजार. फरक पावणेतेरा लाखांचाच आहे. पण २० वर्षांची मुदत घेऊन तुम्ही शेवटपर्यंत फक्त हप्ता भरत राहिलात, एक रुपयाही जादा भरला नाही, तरच तो फरक पडतो. कागदावर लिहिलेली मुदत तुम्हाला बांधून ठेवत नाही. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात व्यक्तीने वेळेआधी पैसे भरले तर बँकेने दंड लावायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम बरीच वर्षं आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांसाठी तो आणखी स्पष्ट झालाय: पैसे कुठूनही आणा, पहिल्या वर्षात भरा की पाचव्या, बँक दंड लावू शकत नाही. म्हणजे लांब मुदत आखूड करणं हा तुमचा हक्क आहे.

उलट दिशेला असा कोणताच हक्क नाही. १० वर्षांची मुदत घेतली, दुसऱ्या वर्षी लग्नं कमी मिळाली आणि तुम्ही बँकेत जाऊन म्हणालात की आता २० वर्षं करून द्या, तर ते द्यायचं की नाही हे बँक ठरवते. आर्थिक अडचणीमुळे मुदत वाढवून दिली तर त्याला कर्जाची पुनर्रचना म्हणतात. तशी नोंद सिबिलच्या अहवालात होते आणि नियमाप्रमाणे असं खातं सहसा अनुत्पादित म्हणजे एनपीए वर्गात जातं. पुढे दुकानासाठी किंवा नव्या कॅमेऱ्यासाठी कर्ज मागायला गेलात की ती नोंद समोर येते. ज्यांचा पगार दरमहा ठरलेल्या तारखेला येतो त्यांना या फरकाने फारसं बिघडत नाही. तुमच्या धंद्यात मात्र सगळा निर्णय याच फरकावर करायला हवा.

आता तुमचेच आकडे मांडू. चांगल्या वर्षी तुमचे ५.६ लाख आणि पत्नीचे १ लाख ६८ हजार मिळून ७ लाख २८ हजार होतात. त्यातून वर्षाचा घरखर्च ३ लाख १२ हजार गेला की ४ लाख १६ हजार उरतात. १० वर्षांचा हप्ता वर्षाला ३ लाख ४ हजारांचा, तो निघतो आणि वर लाखभर राहतात. याच वर्षाकडे बघून वडील सांगताहेत आणि तेवढ्यापुरतं ते खरंही आहे.

पण मधलं वर्ष ३.७ लाखांचं होतं. त्या वर्षी घरखर्च जाऊन २ लाख २६ हजारच उरले असते. १० वर्षांच्या हप्त्याला त्यात ७८ हजार कमी पडतात. २० वर्षांचे हप्ते वर्षाला २ लाख १६ हजार होतात, ते भरून दहा हजार हातात राहतात. त्या दहा हजारांत लेन्स येत नाही हे मला ठाऊक आहे, पण घर वाचतं. मी सरासरी धरलेली नाही, आणि तुम्हीही धरू नका. तीन वर्षांची सरासरी जवळपास ४.९ लाख येते, ती बघून १० वर्षांचा हप्ताही झेपेल असं वाटतं. हप्ता मात्र प्रत्येक वर्षी वेगळा भरावा लागतो, आणि सगळ्यात वाईट वर्षात तो निघाला पाहिजे.

असं वर्ष पुन्हा येणारच. चातुर्मासात मुहूर्त नसतात हे दरवर्षीचंच. त्यावर सुमारे पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना येतो, आणि तो लग्नाच्या दिवसांत पडला तर भर हंगामातला महिना जातो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, म्हणजे शाळांच्या सुट्टीतले, सगळ्यांना सोयीचे दिवस. म्हणून तीन वर्षांत एक वर्ष पडतं जाईल असं धरूनच मी पुढचं गणित केलंय.

२० वर्षांची मुदत घ्या. हप्ता १७,९९५. दोन्ही हप्त्यांत महिन्याला ७,३४० चा फरक आहे, वर्षाचे साधारण ८८ हजार. चांगल्या वर्षाच्या शेवटी हे ८८ हजार पार्ट पेमेंट म्हणून कर्जात भरायचे. पडत्या वर्षी काहीच जादा भरायचं नाही, फक्त हप्ता. दोन चांगली वर्षं आणि एक पडतं, असं चक्र धरून वर्षावर्षाचा हिशेब केला तर कर्ज १२ वर्षं पूर्ण होण्याच्या आत संपतं. एकूण व्याज सुमारे १२ लाख ६० हजार जातं. १० वर्षांच्या कर्जापेक्षा सव्वादोन लाख जास्त. म्हणजे पडत्या वर्षी कोणापुढे हात पसरावा न लागण्याची खरी किंमत सव्वादोन लाख आहे, पावणेतेरा लाख नाही. ही किंमत द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

जादा भरण्यात पहिली वर्षं फार मोलाची असतात. तुमच्या पहिल्या हप्त्यातले १५ हजार व्याजात जातील आणि मुद्दलातून फक्त २,९९५ कमी होतील. याच काळात भरलेली रक्कम थेट मुद्दलातून वजा होते, म्हणून तिचा परिणाम मोठा दिसतो. पहिल्या वर्षाच्या शेवटी भरलेल्या ८८ हजारांनी तुमची मुदत मागच्या टोकाकडून सुमारे दोन वर्षांनी कमी होते. तेच ८८ हजार हप्ता कमी करायला वापरले तर हप्ता जेमतेम आठशे रुपयांनी उतरतो. म्हणून पैसे भरताना बँकेला लेखी द्या: हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. त्यानंतर नवं परतफेडीचं वेळापत्रक मागून घ्या आणि शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आली का ते डोळ्यांनी बघा. पैसे जमा होतात पण वेळापत्रक बदलत नाही, असंही घडतं.

पार्ट पेमेंट कधी करायचं, यातही लोक चुकतात. लग्नसराई संपताना जूनमध्ये खात्यात बरे पैसे दिसतात आणि कर्जात टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं करू नका. साध्या गृहकर्जात भरलेले पैसे परत मिळत नाहीत. जुलै ते ऑक्टोबरमध्ये बारशी, मंडळांची कामं, शाळांचे फोटो यावर महिना पंधरा हजार सुटतात असं धरू. त्यात पत्नीचे १४ हजार मिळवून घरखर्च भागतो आणि तीन हजार उरतात. म्हणजे १८ हजारांच्या हप्त्याला दरमहा १५ हजार कमी, चार महिन्यांत ६० हजार. चांगल्या वर्षीसुद्धा! हे ६० हजार जूनमध्येच बाजूला काढा. हप्ता २५ हजारांचा असता तर ८९ हजार काढावे लागले असते. तुळशीची लग्नं लागून नव्या हंगामाचे विसार यायला लागले की मग शिल्लक मोजा आणि तेव्हा कर्जात भरा. चार-पाच महिने थांबल्याने ८८ हजारांवर सुमारे तीन हजारांचं व्याज पडतं, त्यातलं काही मुदत ठेवीवर भरूनही निघतं. तेवढ्यासाठी चार कोरडे महिने धोक्यात घालू नका.

डाऊन पेमेंटनंतर उरणारे १ लाख २० हजार तसेच राहू द्या. सहा हप्ते १ लाख ८ हजारांचे होतात, तेवढी रक्कम मोडता येईल अशा मुदत ठेवीत पत्नीच्या आणि तुमच्या संयुक्त नावावर टाका. नव्या घरात पाय ठेवताना स्वयंपाकघराचं फर्निचर, सोफा, पडदे यांचा मोह होतो आणि नेमकी हीच रक्कम त्यात जाते. फर्निचर पहिल्या हंगामानंतर करा. ही ठेव मोडावी लागलीच तर पुढच्या हंगामात आधी ती भरून काढायची, पार्ट पेमेंट नंतर.

एक हप्ता चुकला तर काय होतं, हे नीट माहीत असावं. खात्यात पैसे नसताना हप्त्याचा आदेश परत गेला की दोन्हीकडून शुल्क लागतं, तुमच्या बचत खात्याच्या बँकेचं आणि कर्ज देणाऱ्या बँकेचं. शिवाय उशिराबद्दल दंडात्मक शुल्क. एप्रिल २०२४ पासून हा दंड व्याजदर वाढवून घेता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही, एवढा दिलासा आहे. उशीर सिबिलमध्ये दिसतो. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं अनुत्पादित होतं, आणि मग एखादा हप्ता भरून ते नियमित होत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. त्यानंतर सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येऊ शकते, म्हणजे प्रश्न थेट घराच्या ताब्याचा होतो. लग्नाच्या धंद्यात उरलेली रक्कम अल्बम दिल्यावर मिळते, तीही पार्टी देईल तेव्हा. नव्वद दिवस किती लवकर संपतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता लांब मुदतीची दुखरी बाजू, कारण बँकेतले साहेब ती सांगणार नाहीत. तुमच्या हप्त्यातले १५ हजार सुरुवातीला व्याजच असल्याने दर वाढला की हप्ता लगेच तोकडा पडतो. दर १०.८ टक्क्यांच्या आसपास गेला तर २० लाखांवरचं महिन्याचं व्याजच १८ हजार होतं, मुद्दल फिटायचं थांबतं. हे अशक्य नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, ज्यावर गृहकर्जाचे बदलते दर हलतात, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला होता, आणि तेव्हा अनेकांच्या कर्जाची मुदत न कळत वर्षानुवर्षं लांबली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये परिपत्रक काढलं. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यायचा, आणि हप्त्यातून निदान व्याज तरी निघालंच पाहिजे. तुमचा दर अडीच टक्क्यांनी वाढून ११.५ झाला तर २० वर्षांचा हप्ता साधारण २१,३०० होईल. पडत्या वर्षी त्याला ३० हजार कमी पडतात, ते ठेवीतून निघतात. १० वर्षांच्या हप्त्यावर हीच वाढ आली असती तर पडत्या वर्षाचा खड्डा ७८ हजारांहून बराच मोठा झाला असता.

याच कारणासाठी कोणी ३० वर्षं सुचवली तर घेऊ नका. हप्ता १६,०९२ होतो, म्हणजे महिन्याला फक्त १,९०० वाचतात, आणि जादा काहीच भरलं नाही तर व्याज जवळजवळ ३८ लाखांवर जातं. १० वरून २० वर्षांवर जाताना हप्ता सात हजारांनी उतरतो, त्यापुढे मुदत वाढवून जवळपास काही मिळत नाही. शिवाय तुम्ही ६८ वर्षांचे व्हाल. त्या वयात भर उन्हाळ्यात मांडवात दिवसभर उभं राहायचंय का?

वडिलांचं एक म्हणणं मात्र मी उचलून धरेन. लांब मुदत घेणारे बहुतेक जण पार्ट पेमेंट करतच नाहीत. करू म्हणतात, मग गाडी येते, बहिणीचं लग्न येतं. तुमच्या बाबतीत यावर उपाय असा की महिन्यावर ठरवू नका, लग्नावर ठरवा. प्रत्येक लग्नाची रक्कम हातात आली की तिचा ठरलेला हिस्सा त्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात टाका. वर्षाला २० लग्नं मिळत असतील तर प्रत्येकी ४,४०० टाकून ८८ हजार होतात. जुलै-ऑक्टोबरचे ६० हजार आणि कॅमेऱ्याची तरतूद त्याच्या वेगळी. सलग दोन चांगली वर्षं गेली आणि तरीही पार्ट पेमेंट शून्य असेल, तर स्वतःशी खरं बोला आणि बँकेला अर्ज देऊन हप्ता वाढवून घ्या. आज १५ वर्षांचा हप्ता २०,२८५ बसतो, २० वर्षांपेक्षा फक्त २,३०० जास्त, आणि जादा न भरणाऱ्या माणसाचे पावणेसात लाखांच्या आसपास व्याज वाचवतो. हप्ता वाढवायला बँक सहसा नाही म्हणत नाही.

पत्नीचा पगार आज २६ हजार असता, किंवा तुमचं वय ४८ असतं, तर मी १० वर्षांच्या बाजूने झुकलो असतो. एका स्थिर पगारातून हप्ता निघत असेल तर धंद्याच्या चढउताराची भीती राहत नाही, आणि वय वाढलेलं असेल तर लांब मुदतीची शेवटची वर्षं कमाईच्या बाहेर जातात. तुमच्याकडे आज दोन्ही नाही.

बँकेत एक गोष्ट जरूर विचारा: तुमच्याकडे ओव्हरड्राफ्ट प्रकारचं गृहकर्ज आहे का? त्यात कर्जाला जोडलेल्या खात्यात जादा पैसे ठेवले की तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि अडचण आली की ते काढताही येतात. हंगामी कमाईला हे फार सोयीचं पडतं, जूनची शिल्लक थेट तिथे ठेवता येते. दर मात्र तपासा. पाव टक्का जास्त असला तरी पहिल्या वर्षी जवळजवळ पाच हजार जादा जातात, तुमच्या खात्यात सरासरी लाखभर तरी पडून राहणार नसतील तर साधंच कर्ज घ्या. आणि काढता येतात म्हणून काढण्याची सवय असेल, तरीही साधंच.

सही करण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे दर, शुल्क आणि अटींचा बँकेने दिलेला गोषवारा, आणि मंजुरीपत्र घरी आणून वाचा. दर खरंच बदलता आहे का, की सुरुवातीची काही वर्षं स्थिर आहे? स्थिर काळात पार्ट पेमेंटवर शुल्क लागू शकतं. कर्जाचा उद्देश घरखरेदी असाच लिहिलाय ना? तुमच्यासारख्या धंदेवाईकाचं कर्ज काही वेळा मालमत्ता तारण कर्ज म्हणून मांडलं जातं, त्याचा दर आणि अटी वेगळ्या असतात. पार्ट पेमेंट एका वेळी किमान किती भरावं लागतं तेही त्यातच पाहा. आणि हप्त्याची तारीख निवडायला मिळाली तर पत्नीचा पगार जमा होण्याच्या दिवसानंतर दोन-तीन दिवसांची घ्या, म्हणजे कोरड्या महिन्यातही त्या दिवशी खात्यात १४ हजार आधीच असतील आणि जूनमध्ये बाजूला काढलेल्या पैशांतून फक्त चार हजार आणायचे राहतील.